धार नथीला, गालाला नव्हे

लग्नाच्या अल्बममध्ये नवरीचा एक मोठा क्लोजअप असतोच. मुंडावळ्या, कपाळावर चंद्रकोर, नाकात नथ, नजर किंचित खाली. बारा बाय छत्तीस इंचांच्या करिझ्मा अल्बमात हा फोटो एका पानाची पूर्ण उंची घेतो, म्हणजे बारा इंच. पुढची कित्येक वर्षं पाहुणे तो मांडीवर घेऊन फूटभर अंतरावरून न्याहाळणार असतात. त्यामुळे अल्बम करणाऱ्याकडे दोन मागण्या एकदमच येतात. नथीतला मोती न् मोती सुटा दिसायला हवा, पापण्यांचे केस वेगवेगळे कळायला हवेत, चेहऱ्याला उठाव हवा. आणि गालावरची, नाकपुडीवरची रंध्रं मात्र अजिबात डोळ्यांत भरता कामा नयेत.

घाईच्या हंगामात यावर एक ठरलेला उपाय होतो. आधी सगळा फोटो शार्प करायचा, मग त्यात उठून आलेली रंध्रं घालवायला त्वचा ब्लर करायची. पहिल्या पायरीने जे बिघडवलं ते दुसरी पायरी पुसते, पण पुसताना त्वचेचा जिवंतपणाही घेऊन जाते. चेहरा मेणाचा आणि भुवया काटेरी, असा नमुना कोणत्याही गावातल्या अल्बममध्ये सापडतो.

रंध्रं मुळातच उठू द्यायची नाहीत, असं काम करता येतं. त्यासाठी धार आणि उठाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी ध्यानात घ्यावं लागतं. उठाव वाढवताना रंध्रांना त्यांच्या आकारावरून बाजूला काढता येतं. धार वाढवताना मात्र आकार उपयोगी पडत नाही. तिथे रंग आणि जागा यांचा आधार घ्यावा लागतो.

राखाडी लेयरचं गणित

हाय पास फिल्टरचं काम सोपं आहे. फोटोची एक प्रत धूसर करायची, मूळ फोटोतून ती वजा करायची आणि जे उरेल ते मध्यम राखाडी रंगावर मांडायचं. जिथे मूळ आणि धूसर प्रतीत फरक नाही, तिथे सपाट राखाडी मिळतो. जिथे फरक आहे, म्हणजे केसाची कड, मोत्याचा काठ, डोळ्यातला प्रकाशबिंदू, तिथे गडद आणि फिकट रेषा दिसतात. हा लेयर फोटोवर ठेवून त्याचा ब्लेंड मोड ओव्हरले किंवा सॉफ्ट लाइट केला की राखाडी भाग निष्प्रभ होतो. फिकट रेषा खालचा फोटो उजळतात, गडद रेषा त्याला काळवंडतात. डोळ्याला कड पूर्वीपेक्षा स्पष्ट भासते, कारण तिच्या दोन बाजूंमधला फरक वाढलेला असतो.

ही कल्पना संगणकाची नाही. डार्करूममध्ये निगेटिव्हवरून मुद्दाम धूसर पॉझिटिव्ह बनवत, दोन्ही एकावर एक ठेवत आणि त्यातून प्रिंट काढत. त्या धूसर प्रतीमुळेच या पद्धतीला अनशार्प मास्क म्हणू लागले आणि पुढे फोटोशॉपमध्ये तोच शब्द कायम राहिला. हाय पास हा त्याचाच भाऊ. फरक इतकाच, की वाढवायचा तपशील इथे स्वतंत्र लेयर म्हणून डोळ्यांसमोर येतो आणि त्यावर आणखी काम करता येतं.

रंध्र म्हणजे उजळ पृष्ठावरचा छोटा गडद ठिपका. हाय पासला त्यात आणि मोत्याच्या काठात काहीच भेद करता येत नाही. तो ठिपका आणखी गडद करतो, भोवतीची त्वचा आणखी उजळ करतो. एका रंध्राने काही बिघडत नाही, पण गालावर ती शेकड्यांनी असतात. सगळ्यांभोवती एकेक कडं तयार झालं की मेकअपखाली दबलेली त्वचा खरखरीत दिसायला लागते.

फिल्टरला एकच आकडा द्यावा लागतो, रेडियस म्हणजे त्रिज्या. तो किती ठेवावा याची उत्तरं ऐकीव असतात. कोणी दोन सांगतो, कोणी दहा. त्रिज्या पिक्सेलमध्ये मोजली जाते आणि चेहरा मिलिमीटरमध्ये असतो, त्यामुळे दोघांचीही उत्तरं एखाद्या फोटोला लागू पडतात आणि पुढच्या फोटोला पडत नाहीत.

बुबुळाची मोजपट्टी

मिलिमीटर आणि पिक्सेल यांची सांगड घालायला प्रत्येक चेहऱ्यावर एक मोजपट्टी तयार असते, ती म्हणजे बुबुळ. प्रौढ माणसाच्या बुबुळाचा दिसणारा आडवा व्यास पावणेबारा मिलिमीटरच्या आसपास असतो आणि माणसामाणसांत फारसा बदलत नाही. हिशेबाला बारा धरला तरी चालतं. फोटोशॉपमधल्या रूलर टूलने कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्याचं बुबुळ या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजायचं आणि आलेल्या पिक्सेलना बाराने भागायचं. एक मिलिमीटर म्हणजे किती पिक्सेल, हे कळतं.

नवरीच्या फोटोत मात्र एक फसगत संभवते. रंगीत लेन्सपैकी काही खऱ्या बुबुळापेक्षा मोठ्या असतात, त्या लावलेल्या असल्या तर माप जास्त येतं. अशा वेळी त्याच बैठकीतला, लेन्स घालण्याआधीचा, तेवढ्याच अंतरावरून काढलेला फोटो असेल तर तो मोजावा. नजर बाजूला असेल तरीही बुबुळ अरुंद दिसतं, म्हणून समोर बघणारा फोटो मापाला बरा.

आता एक उदाहरण घेऊ. चोवीस मेगापिक्सेलचा उभा फोटो, ४००० बाय ६००० पिक्सेल, डोक्यापासून गळ्यातल्या दागिन्यांपर्यंत. बुबुळ मोजलं तर १२० पिक्सेल भरतं. म्हणजे एका मिलिमीटरला दहा पिक्सेल. आता चेहऱ्यावरच्या वस्तू या मापात बसवता येतात. पापणीचा केस मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका जाड, म्हणजे एखादा पिक्सेल. नजरेत येणारं रंध्र मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शापासून अर्ध्या मिलिमीटरपर्यंत, म्हणजे दोन ते पाच पिक्सेल. नथीतला मोती चार मिलिमीटरचा असला तर चाळीस पिक्सेल. गालाचं हाड, डोळ्याची खोबण, नाकाची बाजू, हनुवटी यांवरचा छायाप्रकाश एक ते तीन सेंटिमीटरमध्ये उलगडतो, म्हणजे शंभर ते तीनशे पिक्सेल.

या यादीत एक गोष्ट लगेच दिसते. चेहऱ्याची घडण आणि रंध्रं यांच्या आकारात भरपूर अंतर आहे. पापणीचा केस आणि रंध्र मात्र अगदी शेजारी शेजारी आहेत. पहिल्या जोडीला वेगळं करणं सोपं, दुसरीला अवघड. म्हणून सुरुवात उठावापासून करावी.

उठाव: एक नव्हे, दोन चाळण्या

लोकल कॉन्ट्रास्ट म्हणजे संपूर्ण फोटोचा नव्हे, तर छोट्या छोट्या प्रदेशांतला छायाप्रकाशाचा फरक वाढवणं. गालाचं हाड थोडं उजळतं, त्याखालचा खळगा थोडा गडद होतो आणि चेहरा पानावरून पुढे आल्यासारखा वाटतो. मोठी त्रिज्या आणि कमी प्रमाण हे त्याचं जुनं सूत्र. अमेरिकन रंगतज्ज्ञ डॅन मार्ग्युलिस यांनी ते छपाईच्या लोकांत रूढ केलं. अनशार्प मास्कमध्ये त्रिज्या पन्नास-साठ आणि प्रमाण पंधरा-वीस टक्के ठेवून आजही अनेक जण तेच करतात.

निसर्गदृश्याला ते छान लागू पडतं. चेहऱ्यावर लावलं की उठावाबरोबर रंध्रंही थोडी वर येतात. त्रिज्या साठ ठेवली म्हणजे फक्त साठ पिक्सेलच्या आसपासचेच तपशील वाढतात, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात त्रिज्या ही फक्त वरची मर्यादा असते. उजळ-गडदाची एक पूर्ण लहर त्रिज्येच्या साधारण पाचपट लांबीपर्यंतची असेल तर हाय पास ती ठेवतो, आणि त्याहून बारीक असलेलं सगळंच ठेवतो. साठच्या त्रिज्येत तीनशे पिक्सेलचं गालाचं वळण असतं, तसं तीन पिक्सेलचं रंध्रही असतं.

घरात रवा काढताना एकाच चाळणीने भागत नाही. मोठ्या भोकांच्या चाळणीने कोंडा वर राहतो, पण खाली रव्यासोबत पीठही पडतं. ते काढायला बारीक चाळण लागते. हाय पास ही पहिली चाळण आहे. दुसरी चाळण म्हणजे त्याच राखाडी लेयरवर दिलेला गॉशियन ब्लर. हाय पासने मोठे चढउतार काढून टाकले, ब्लरने बारीक काढून टाकले, मधे उरला तो चेहऱ्याचा घाट.

नवरीच्या फोटोवर हे असं होतं. डाग-पुरळ घालवण्याचं काम आधी पूर्ण करायचं आणि फाइल सोळा बिटमध्ये ठेवायची. आठ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ च पायऱ्या असतात, त्यामुळे इतक्या सौम्य लेयरमध्ये गालावर पट्टे पडू शकतात. मग सगळ्या लेयरची मिळून एक प्रत काढायची, तिच्यातला रंग डीसॅच्युरेटने घालवायचा आणि Filter मेनूतल्या Other मधून High Pass उघडून त्रिज्या ६० द्यायची. एका मिलिमीटरला दहा पिक्सेल असल्यामुळे ही सहा मिलिमीटरची त्रिज्या झाली, म्हणजे तीन सेंटिमीटरपर्यंतची वळणं त्यात आली. त्यानंतर त्याच लेयरला Gaussian Blur, त्रिज्या १२. त्यामुळे सहा मिलिमीटरपेक्षा आखूड लहरी दबून जातात. रंध्रं तर जातातच, शिवाय फाउंडेशन कमी-जास्त लागल्याने आलेले छोटे ढगही जातात. शेवटी मोड सॉफ्ट लाइट आणि अपारदर्शकता तीस-पस्तीस टक्के.

काम बरोबर झालं की नाही, हे मोड बदलण्याआधीच राखाडी लेयरकडे बघून कळतं. तिथे धुक्यातल्या चेहऱ्यासारखा मऊ घाट दिसला पाहिजे. गालावर कुठेही दाणे दिसत असतील तर दुसरी चाळण कमी पडली, ब्लर वाढवायला हवा.

आकार रंध्रांपासून वाचवतो, पण त्याच आकाराच्या नको असलेल्या इतर गोष्टींपासून वाचवत नाही. डोळ्यांखालचं काळं वर्तुळ एक-दीड सेंटिमीटर रुंद असतं, म्हणजे नेमकं आपण वाढवलेल्या पट्ट्यात. नाकापासून ओठांच्या कोपऱ्याकडे जाणारी हसण्याची घडीही तिथेच. लग्नाच्या दिवशी पहाटे चारला उठलेल्या मुलीच्या डोळ्यांखाली या लेयरने आणखी थकवा येतो. तिथे लेयरच्या मास्कवर काळ्या मऊ ब्रशने हात फिरवून परिणाम अर्ध्यावर आणायचा. पूर्ण काढला तर तो भाग चिकटवल्यासारखा वेगळा दिसतो.

दुसरी अडचण मोत्यांची. गव्हाळ गालावर पांढरा मोती म्हणजे मोठा फरक, आणि चाळीस पिक्सेलचा आकारही लेयरच्या आवाक्यातला. त्यामुळे नथीभोवतीच्या गालावर धुरकट काळसर वलय तयार होतं. तीच गत उजळ पार्श्वभूमीसमोरच्या जबड्याची आणि कपाळावर आलेल्या मुंडावळ्यांची. फोटो पंचवीस टक्के आकारात बघून लेयर चालू-बंद केला की ही वलयं लगेच नजरेस पडतात. शंभर टक्क्यांवर ती दिसत नाहीत, कारण तेव्हा पडद्यावर त्यांचा एखादाच तुकडा असतो. उपाय तोच, नथीच्या आणि जबड्याच्या बाहेरून मास्क काळा करायचा.

धार: लाल चॅनेलचा उपयोग

आता पापण्या, भुवया आणि नथ. धार देण्याचं काम फोटो अंतिम आकाराला आणल्यावरच करायचं, कारण आकार बदलला की एक पिक्सेल रुंदीच्या रेषा मऊ होतात. अल्बम बहुतेक ठिकाणी इंचाला ३०० पिक्सेलवर छापतात. बारा इंचांना ३६०० पिक्सेल लागतात, म्हणजे ६००० पिक्सेलचा फोटो साठ टक्के झाला. बुबुळ १२० वरून ७२ वर आलं, एका मिलिमीटरला सहा पिक्सेल.

या आकाराला धारेसाठी त्रिज्या पाऊण-एक पिक्सेल पुरते. ०.८ धरली तर चार पिक्सेलपर्यंतच्या, म्हणजे पाऊण मिलिमीटरच्या आतल्या लहरी वाढतात. पापणीचा केस त्यात येतो. दुर्दैवाने रंध्रही येतं. इथे कितीही चाळण्या लावल्या तरी दोघं एकत्रच पडणार.

दोघांत फरक आहे तो रंगाचा. काळा केस लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तिन्ही चॅनेलमध्ये काळाच असतो. त्वचेचं तसं नाही. तिच्यातलं मेलॅनिन आणि रक्तातलं हिमोग्लोबिन निळा व हिरवा प्रकाश जास्त शोषतात, लाल कमी. लाल प्रकाश त्वचेत खोलवर शिरतो, आत विखुरतो आणि आजूबाजूने बाहेर पडतो, त्यामुळे छोट्या खळग्यांच्या सावल्या भरून निघतात. कोणत्याही पोर्ट्रेटचे चॅनेल एकेक करून पाहावेत. निळ्यात त्वचा डागाळलेली आणि खरखरीत दिसते, हिरव्यात बरी, लाल चॅनेलमध्ये तुळतुळीत. पापण्या, भुवया आणि काजळ मात्र लाल चॅनेलमध्येही ठसठशीत राहतात.

तेव्हा धारेचा लेयर संपूर्ण फोटोवरून न बनवता फक्त लाल चॅनेलवरून बनवायचा. फोटोची प्रत घेऊन Image मेनूतलं Apply Image उघडायचं, Channel च्या जागी Red निवडायचं, ब्लेंडिंग Normal. लेयर कृष्णधवल होतो. त्यावर High Pass, त्रिज्या ०.८, आणि मोड ओव्हरले. नेहमीच्या पद्धतीने बनवलेला लेयर शेजारी ठेवून दोन्हींची गालाची जागा तुलना करून बघितली तर लाल चॅनेलवाल्यात दाणे खूपच फिके असतात, पापण्या तेवढ्याच गडद.

या युक्तीला दोन ठिकाणी मर्यादा पडते. पहिली जागा ओठ. लाल लिपस्टिक लाल चॅनेलमध्ये जवळपास त्वचेइतकीच उजळ होते, त्यामुळे ओठांची कड हरवते आणि तिला धार येत नाही. कड हवीच असेल तर हिरव्या चॅनेलवरून दुसरा लेयर बनवून फक्त ओठांच्या बाह्यरेषेवर तो उघडायचा. ओठांच्या आत जायचं नाही, नाहीतर लिपस्टिकमधल्या उभ्या भेगा दिसू लागतात.

दुसरी मर्यादा जास्त महत्त्वाची, ती म्हणजे चमक. कपाळ, नाकाचा शेंडा, गालाचा उंचवटा यांवर फ्लॅशचा प्रकाश त्वचेच्या आत न शिरता वरच्यावरच परावर्तित होतो. त्या परावर्तनाला त्वचेचा रंग लागत नाही, तो तिन्ही चॅनेलमध्ये सारखाच पांढरा असतो. हॉलमधल्या उष्म्यात घाम आणि तेल आलं की त्या पांढऱ्या चमकेत प्रत्येक रंध्र काळ्या छिद्रासारखं उमटतं आणि लाल चॅनेल तिथे काहीच मदत करत नाही. अशा वेळी फोटोशॉपमधली Blend If ही सोय वापरता येते. लेयरवर डबल क्लिक करून Underlying Layer ची पांढरी खूण डावीकडे आणायची आणि Alt दाबून तिचे दोन भाग करायचे, साधारण १९० आणि २२५ वर. १९० पेक्षा उजळ भागांत धार कमी होत जाते आणि २२५ च्या वर अजिबात राहत नाही. चमकत्या कपाळाला लेयर शिवतच नाही.

नथ आणि नाकपुडी

रंगाने बरंचसं काम केलं, उरलेलं जागेवरून करायचं. धारेच्या लेयरला पूर्ण काळा मास्क द्यायचा आणि पांढऱ्या ब्रशने फक्त हव्या त्या जागा उघडायच्या. वरच्या पापणीचे केस, भुवया, बुबुळाची कड आणि त्यातला प्रकाशबिंदू, कपाळावरची केसांची रेघ, चंद्रकोर. डोळ्याचा पांढरा भाग उघडायचा नाही, तिथल्या बारीक लाल शिरा ठळक होतात. खालच्या पापणीला ब्रश अगदी अरुंद ठेवायचा. तिथे कन्सीलर घड्यांमध्ये जमलेला असतो आणि धार मिळाली की त्या घड्या भेगांसारख्या दिसतात.

सगळ्यात कठीण जागा नथीची. चेहऱ्यावरची सर्वांत मोठी रंध्रं नाकपुडीवर आणि तिच्या बाजूला असतात, आणि नथ नेमकी तिथेच टेकलेली असते. पापण्यांना चालणारा मऊ ब्रश इथे वापरला तर मोत्यांबरोबर त्यांच्यामधून डोकावणारी त्वचाही उघडी पडते. म्हणून नथीसाठी धारेचा स्वतंत्र लेयर करावा आणि त्याचा मास्क कडक कडेच्या ब्रशने किंवा पेन टूलने मोत्यांच्या आकाराबरहुकूम कापावा. कड मोत्याच्या एक-दोन पिक्सेल आतच ठेवलेली बरी. या लेयरला वर सांगितलेली उजळ भागांची अट लावायची नाही, नाहीतर मोत्यावरची चमकच निस्तेज होईल. नथीला त्रिज्या एक-सव्वा पिक्सेलही सोसते, कारण तिथे वाढून बिघडेल असं काही नसतं.

नाकावर मोत्यांची सावलीही पडलेली असते. ती त्वचेचाच भाग समजून मास्कबाहेर ठेवावी. मोती धारदार आणि सावली मऊ असली की नथ गालापासून सुटी, अधांतरी असल्यासारखी छान दिसते.

हे सारं करूनही रंध्रं दिसत असतील, तर दोष बहुधा आधीच्या पायरीत असतो. रॉ फाइल उघडताना लाइटरूम किंवा कॅमेरा रॉ आपणहून थोडी धार देतं: प्रमाण ४०, त्रिज्या १, आणि मास्किंग शून्य. शून्य म्हणजे संपूर्ण फोटोला, गालालाही. मास्किंगची पट्टी Alt दाबून सरकवली तर पडद्यावर काळं-पांढरं चित्र येतं. पांढऱ्या जागी धार मिळते, काळ्या जागी मिळत नाही. गाल पूर्ण काळे होईपर्यंत पट्टी सरकवायची. चेहऱ्यांसाठी लाइटरूमच्या जुन्या तयार सेटिंगमध्ये मास्किंग ६० होतं, मेकअप जाड असेल तर ७० च्या पुढेही जावं लागतं.

क्लॅरिटी, टेक्स्चर आणि मोबाइल

प्रत्येकाला फोटोशॉपमध्ये इतके लेयर करायला वेळ नसतो. क्लॅरिटीची पट्टी लाइटरूममध्ये २००७ मध्ये आली, टेक्स्चरची २०१९ मध्ये. दोन्ही मध्यम आकाराच्या तपशिलांवर काम करतात, पण टेक्स्चरचा पट्टा जास्त बारीक आहे आणि तो जवळजवळ रंध्रांच्याच मापाचा आहे. अडोबीमध्ये ही पट्टी मुळात त्वचा गुळगुळीत करण्याच्या प्रयत्नातून जन्मली आणि उलट दिशेनेही उपयोगी आहे हे नंतर लक्षात आलं. त्यामुळे चेहऱ्याच्या त्वचेवर टेक्स्चर ऋण दहा ते वीस आणि क्लॅरिटी फार तर अधिक दहा, असा मास्क लावला तर वरच्या दोन चाळण्यांचा ढोबळ परिणाम मिळतो. वलयांवर आणि डोळ्यांखालच्या वर्तुळांवर मात्र तसा ताबा राहत नाही.

जिंप हे मोफत सॉफ्टवेअर २.१० आवृत्तीपासून हाय पास देतं, Filters मधल्या Enhance खाली. लाल चॅनेल वेगळा काढायला Extract Component आहे. तेव्हा इथली सगळी कृती पैसे न भरता करता येते. मोबाइलवरच्या स्नॅपसीडमध्ये डीटेल्सच्या आत स्ट्रक्चर नावाची पट्टी आहे. चेहऱ्यावर ती वाढवली की गालावर दाणे उभे राहतात. तिथे सिलेक्टिव्ह टूलने डोळ्यांवर आणि दागिन्यांवर वेगवेगळे बिंदू ठेवून तेवढ्यापुरतंच स्ट्रक्चर वाढवता येतं.

मोबाइलवर पाठवायच्या प्रतीचा हिशेब वेगळाच असतो. ६००० पिक्सेलचा फोटो १३५० पिक्सेल उंचीचा झाला की बुबुळ २७ पिक्सेल उरतं आणि मोठ्यातलं मोठं रंध्र जेमतेम एका पिक्सेलचं. ते आपोआप विरून जातं. अल्बमसाठी केलेली धारेची प्रत लहान करून पाठवू नये, तिच्यातल्या रेषा आक्रसून काटेरी होतात. धारेचे लेयर बंद करून उठावाचा लेयर तेवढा ठेवावा, फोटो लहान करावा आणि मग ०.३ च्या त्रिज्येने अगदी हलकी धार द्यावी.

कागदावरची परीक्षा

पडद्यावर शंभर टक्के आकारात बघितलेला फोटो आणि छापलेला फोटो एकसारखे नसतात. आपल्या उदाहरणात ३६०० पिक्सेलच्या पानावर चेहरा खऱ्याच्या निम्म्या आकाराचा छापला जातो, म्हणजे एक तृतीयांश मिलिमीटरचं रंध्र कागदावर साधारण एक षष्ठांश मिलिमीटरचं. निरोगी डोळ्याला फूटभरावरून मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतका तपशील जेमतेम कळतो. म्हणजे रंध्र दृष्टीच्या उंबरठ्याच्या थोडंसं अलीकडे आहे. साधं सोडलं तर ते त्वचेचा पोत म्हणून दिसेल, वाढवलं तर छिद्र म्हणून. चकचकीत कागदावर हा फरक जास्त जाणवतो, मॅटवर कमी.

म्हणून पूर्ण अल्बम छापायला टाकण्याआधी एक छोटी खातरजमा स्वस्तात होते. तयार ३६०० पिक्सेलच्या पानातून १२०० बाय १८०० पिक्सेलचा तुकडा कापायचा, ज्यात एक डोळा, नथ आणि गाल तिन्ही येतील. तो न वाढवता, न घटवता चार बाय सहाच्या प्रिंटवर, अल्बमच्याच कागदावर छापून घ्यायचा. लॅबच्या मशीनवर स्वतःची शार्पनिंग चालू असते, ती बंद ठेवायला सांगायची, नाहीतर केलेल्या कामावर आणखी एक थर चढतो. प्रिंट खिडकीच्या उजेडात फूटभर अंतरावर धरायचा. मोत्याभोवती काळसर कडं दिसलं तर उठावाच्या लेयरचा मास्क दुरुस्त करायचा. पापण्या तारांसारख्या वाटल्या तर धारेच्या लेयरची अपारदर्शकता सत्तर-ऐंशी टक्क्यांवर आणायची. नाकपुडीवर ठिपके दिसले तर नथीच्या मास्कची कड आणखी एक पिक्सेल आत घ्यायची आणि तोच तुकडा पुन्हा छापायचा.